फोटो गेला, वहीत फक्त लाल शब्द उरले

मॅडम, मी तलाठी भरतीची तयारी करतोय. क्लासच्या सरांनी फळ्यावर मराठी व्याकरणाची चाळीस वाक्यं लिहिली होती, काही चूक ओळखायची, काही रिकाम्या जागांची. मी वाक्यं लिहून न घेता फोटो काढला आणि वहीत फक्त क्रमांक टाकून लाल पेनाने बरोबर उत्तर लिहिलं. मोबाइल रिसेट केला आणि फोटो गेला. आता वहीत ‘7 बोलावले’, ‘12 जमिनीचा’, ‘19 सांगितली’, ‘26 मुळे’ असं काहीतरी उरलंय. शनिवारी याच वाक्यांवर चाचणी आहे. आठवून वाक्यं लिहून काढू का? पुन्हा मागितलं तर सर रागावतात.

आधी गुगल फोटोजमध्ये जुन्या खात्याने लॉगिन करून बघ. बॅकअप चालू असेल तर रिसेटनंतरही फोटो तिथे सापडतो. नसेल, तर फोटोचा विषय तिथेच सोडून दे आणि वही घेऊन बस.

आठवून लिहू नकोस. चुकीचं वाक्य आठवताना आपण त्याचा मजकूर आठवतो, प्रत्यय आठवत नाही. ‘शिक्षक, मुली, बोलावणे’ एवढं लक्षात राहतं आणि बाकीचं आपली जीभ आपल्या सवयीने भरते. म्हणजे नेमकी जी चूक विचारली होती तीच दुरुस्त होऊन कागदावर उतरते. परीक्षेहून आलेली मुलं माझ्याकडे बसून प्रश्न आठवतात तेव्हा एकच वाक्य चौघं चार तऱ्हांनी सांगतात, आणि चौघांनाही आपलंच खरं वाटतं. ओळख सोपी आहे: आठवलेल्या वाक्यात चूक कुठे होती हे बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर तो तुझा प्रश्न नव्हे.

लाल शब्दाकडून नियमाकडे जा. सगळे शब्द मात्र सारखे उपयोगाचे नाहीत.

‘12 जमिनीचा’ सगळ्यात सोपा, कारण इथे चूक शब्दातच होती. फळ्यावर ‘जमीनीचा’ असणार, दुसरं काही असण्याची शक्यता कमी. मराठी शब्दाच्या उपान्त्य अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला, नागपूर पण नागपुरास. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, म्हणून शरीर आणि शरीराचा, दोन्हीकडे दीर्घच. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत हे आहे. 1962 साली 14 नियम ठरले, 1972 मध्ये चारांची भर पडली. ती अठरा कलमं एकदा वाचून काढ, तासाभराचं काम आहे. वहीतले असे सगळे शुद्धलेखनाचे शब्द एका बाजूला काढ. ते वाक्याशिवायही पूर्ण आहेत.

‘7 बोलावले’ इथे मात्र सावध. हे रूप दोन ठिकाणी येतं. ‘त्यांनी पाहुणे बोलावले’ यात पाहुणे हे पुल्लिंगी अनेकवचनी कर्म, क्रियापद त्याच्याप्रमाणे चाललं, हा कर्मणी प्रयोग. ‘त्यांनी मुलींना बोलावले’ यात कर्माला ‘ना’ लागला, त्यामुळे क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही, ते नपुंसकलिंगी एकवचनात राहिलं, हा भावे प्रयोग. दिसायला दोन्हीकडे ‘बोलावले’. तुझ्या वहीतल्या शब्दावरून कुठला नियम विचारला होता हे कळणारच नाही.

म्हणून नवं वाक्य करताना कर्म स्त्रीलिंगी अनेकवचनी घे, तिथे दोन रूपं वेगळी पडतात:

शिक्षकांनी मुली बोलावल्या.
शिक्षकांनी मुलींना बोलावले.

आता दुसऱ्या वाक्यात मुद्दाम ‘बोलावल्या’ घाल. ‘शिक्षकांनी मुलींना बोलावल्या’ हे चूक, आणि का चूक हे तुला सांगता येतं. फळ्यावरचं वाक्य हेच होतं की नाही, याने आता फरक पडत नाही. असंच पाहिलं, मारलं, थांबवलं या क्रियापदांची प्रत्येकी एक जोडी कर. चार जोड्या पुरतात.

‘19 सांगितली’ वाचून मला हसू आलं, कारण सोलापूर, लातूरकडची बरीच मुलं घरात ‘मी गोष्ट सांगितलो’ म्हणतात. घरात त्यात काही वावगं नाही. पण पेपरातल्या प्रमाण मराठीत सांगणे हे सकर्मक, भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे: मी गोष्ट सांगितली, मी निरोप सांगितला, मी नाव सांगितले. तुझ्या कानाला ‘सांगितलो’ बरं वाटत असेल तर चूक ओळखायच्या प्रश्नात कानावर विसंबू नकोस, कर्म शोध आणि त्याचं लिंग-वचन बघ. इथे एक खाच आहे. शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदं कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात: मी कविता शिकलो, मी नाव विसरलो, मी पाणी प्यालो. नियम पाठ करून गेलेली मुलं ‘मी नाव विसरलो’ला चूक ठरवून मोकळी होतात. ही तीन क्रियापदं वहीत ‘सांगितली’च्या शेजारीच लिहून ठेव.

‘26 मुळे’ या रिकाम्या जागेचं काय करायचं? काहीच नाही. रिकाम्या जागेचं उत्तर पर्यायांशिवाय अर्धवट असतं. समज वाक्य होतं, ‘वादळा– झाडे पडली’. इथे ‘ने’ चालतं आणि ‘मुळे’ही चालतं. पर्यायांत दोन्ही असतील तर प्रश्नच लंगडा, आणि ‘साठी, मुळे, पर्यंत, खाली’ असे असतील तर सोपा. तुझ्याकडे पर्याय नाहीत, म्हणून प्रश्न नाही. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांचंही तसंच. ‘पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला’ आणि ‘सामना रद्द झाला कारण पाऊस पडला’, दोन्ही बरोबर. आधी काय आलं, कारण की परिणाम, यावर उत्तर फिरतं, आणि तो क्रम फोटोबरोबर गेला. नुसतं ‘म्हणून’ पाठ करून गेलास तर शनिवारी उलट्या वाक्यात तेच टाकशील.

तेव्हा आज रात्री वहीतल्या चाळीस ओळींपुढे तीन खुणा कर: शब्दात चूक, क्रियापदाच्या रूपात चूक, रिकामी जागा. पहिल्या दोहोंच्या जोड्या तूच करशील. रिकाम्या जागा किती निघतात ते मोज. माझा अंदाज, दहा-बारा. सरांकडे सगळी यादी मागितली की ते रागावतात, हे मी समजू शकते. पण ‘सर, 26 आणि 33 चे पर्याय काय होते?’ असं दोन-दोन क्रमांकांनी विचारलंस तर तू वही उघडून बसला होतास हे त्यांना दिसेल. क्लासला दहा मिनिटं आधी जा आणि शेजारी बसणाऱ्याची वहीही बघ. त्याने फोटो काढला नसेल तर वाक्यं लिहूनच घेतली असतील.