छाती साफ, तरीही उबळ : सात आठवड्यांच्या बाळाचा खोकला

प्रश्न : «बाळ सात आठवड्यांचे आहे. आठवडाभर नाक वाहत होते, आता चार दिवस खोकते आहे. उबळ आली की ओठ निळसर होतात, नंतर अगदी नीट असते. डॉक्टरांनी तपासून छाती साफ असल्याचे सांगितले. सासऱ्यांना तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे, पण तो धुळीचा असावा. अजून वाट पाहावी का?»

वाट पाहू नका. मी डॉक्टर नाही. पण हा डांग्या खोकला असू शकतो, आणि ओठ निळसर होत असतील, तर बाळाला आजच, जिथे लहान मुलांना रात्रभर देखरेखीखाली ठेवता येते अशा रुग्णालयात न्यावे. पुढचे सगळे तिथे पोहोचल्यावर वाचले तरी चालेल.

आमच्या मुलीच्या वेळी ज्या दवाखान्याने आम्हाला परत पाठवले, तिथेही छाती साफ आहे हेच सांगण्यात आले होते, आणि ते खोटे नव्हते. डांग्या खोकल्यात दोन उबळींच्या मधे छाती बहुधा साफच ऐकू येते, ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो, आणि तपासणीच्या टेबलावर मूल शांत झोपलेले असते. त्यामुळे स्टेथोस्कोपपेक्षा मोबाइलवर टिपलेली एक उबळ अधिक सांगून जाते. आम्ही ती दाखवली, तेव्हा ‘हूऽऽप’ असा आवाज येत नाही, म्हणजे हा तो खोकला नव्हे, असे उत्तर मिळाले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण इतक्या लहान बाळात तो आवाज अनेकदा येतच नाही. उबळीनंतर हवा जोराने आत ओढण्याइतके बळ त्याच्यात नसते. ते लाल होते, जीभ बाहेर येते, घशात अडकल्यासारखे करते आणि काही वेळा खोकल्याशिवायच त्याचा श्वास थांबतो. तुम्हाला हा श्वास थांबण्याचाच धोका सांभाळायचा आहे.

त्या दवाखान्यात एक प्रश्न कुणीच विचारला नाही : घरात मोठ्या माणसांपैकी कोण खोकते आहे? लहानपणीच्या लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते आणि हा आजार होऊन गेला तरी जन्मभराचे संरक्षण मिळत नाही. म्हणून प्रौढाला तो पुन्हा होतो, पण रेंगाळणाऱ्या खोकल्याच्या रूपात. माणूस कामावर जातो, बाळाला मांडीवर घेतो आणि दोष धुळीला देतो. तुमच्याकडचा हिशेब मांडून पाहा. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण 7 ते 10 दिवस जातात. बाळाची सर्दी सुमारे 11 दिवसांपूर्वी सुरू झाली असेल, तर लागण अंदाजे तीन आठवड्यांपूर्वीची ठरते, म्हणजे सासऱ्यांचा खोकला सुरू झाला त्याच सुमाराची. सर्दीचा काळ आणि खोकल्याचे पहिले दोन आठवडे हाच सर्वाधिक संसर्गाचा काळ असतो. यावरून निदान होत नाही, पण हा क्रम डॉक्टरांपुढे तारखांसह अवश्य ठेवावा.

सुरुवातीची सर्दी एक-दोन आठवडे टिकते आणि इतर कोणत्याही सर्दीसारखीच दिसते. तान्ह्या बाळात हा टप्पा आणखी छोटाही असू शकतो. अँटिबायोटिक याच काळात दिले तर आजाराचा जोर कमी होऊ शकतो. उबळी सुरू झाल्यावर औषधाने खोकला फारसा आटोपत नाही, तरी संसर्ग थांबवण्यासाठी ते द्यावेच लागते. योग्य औषधाचे पाच दिवस पूर्ण झाले की रुग्ण सहसा इतरांना लागण देत नाही. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर चाचणी खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत भरवशाची असते, म्हणून बाळाचा नमुना आत्ताच द्यावा. सासऱ्यांच्या चाचणीची मुदत मात्र संपत आली आहे. संशय दाट असेल, तर अहवाल येईपर्यंत उपचार थांबवत नाहीत. घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक औषध हवे का, हेही त्याच भेटीत विचारावे, आणि तोवर सासऱ्यांनी बाळापासून दूर राहावे, मग कुणाला वाईट वाटले तरी चालेल.

खोकल्याची सिरप या वयात देऊ नयेत. या उबळीवर त्यांचा उपयोग होत नाही. दूध थोडे थोडे, पण वारंवार द्यावे, कारण उबळीनंतर उलटी होते आणि बाळाच्या पोटात काही राहत नाही.

उबळींचा टप्पा एक ते सहा आठवडे, कधी दहाही आठवडे चालतो, आणि रात्री तो अधिक त्रास देतो. त्यानंतर खोकला हळूहळू उतरतो. मात्र पुढे काही महिने साधी सर्दी झाली तरी तीच उबळ परत येऊ शकते. आमच्याकडे तसे झाले, तेव्हा नव्या डॉक्टरांनी ती पुन्हा लागण नसून श्वासमार्ग अजून हळवा असल्याचे सांगितले आणि अँटिबायोटिक दुसऱ्यांदा दिले नाही. लसीचे उरलेले डोस मात्र त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करायला लावले.