गेममधला ‘८०% सूट’वाला जेम पॅक खरंच स्वस्त असतो का?

प्रश्न: गेममध्ये ₹३९९ ला ५०० जेम्सचा पॅक दिसतोय, वर ‘८०% सूट’ आणि दोन तासांचा टायमर. घ्यावा का?

तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूला ५०० च्या आसपास जेम्स लागत नसतील तर घेऊ नका. मी एका गेम स्टुडिओत असे पॅक लावण्याचं काम केलंय. त्या ८०% मागची ‘मूळ किंमत’ बहुतेकदा आम्हीच ठरवलेली असायची, त्या किमतीला तो पॅक कधी विकलेलाच नसायचा. म्हणून सूट बघू नका, त्याच दुकानातल्या सगळ्यात लहान पॅकशी ताडून बघा. समजा, १०० जेम्स ₹८९ ला आहेत आणि तुम्हाला हवा असलेला पोशाख ३२० जेम्सचा आहे. मोठ्या पॅकमध्ये एक जेम ८० पैशांना पडतो, लहानात ८९ पैशांना. पण चार लहान पॅक ₹३५६ ला येतात आणि तुमचं काम होतं. मोठा घेतलात तर ₹४३ जास्त जातात आणि १८० जेम्स शिल्लक राहतात. ही शिल्लक मुद्दाम ठेवलेली असते. पुढची वस्तू २५० ची असली की आणखी ७० साठी तुम्ही परत दुकानात येता. टायमर संपल्यावर दोन-चार दिवस थांबा. तोच पॅक नव्या नावाने आला तर घाई खोटी होती. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला फसवून खरेदीकडे ढकलणाऱ्या युक्त्या; भारताच्या २०२३ च्या त्याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशी खोटी घाई निषिद्ध आहे.

अपवाद एकच: रोज थोडे जेम्स देणारं मासिक कार्ड रोज खेळणाऱ्याला खरंच परवडतं, फक्त चुकलेल्या दिवसाचे जेम्स बुडतात का ते आधी वाचा.