ईसीजीच्या कागदावर मशीनने छापलेला शेरा किती खरा मानावा?

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला. त्यावर रेट १००, पीआर १४८, क्यूआरएस ८८, क्यूटी ३६०, क्यूटीसी ४६५ असे छापले आहे आणि खाली ‘सायनस ऱ्हिदम, सेप्टल इन्फार्क्ट – एज अनडिटरमाइन्ड, बॉर्डरलाइन प्रोलाँग्ड क्यूटी, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी, अनकन्फर्म्ड’ असे शेरे आहेत. त्यांच्या छातीत कधीच दुखले नाही. त्यांना नकळत अटॅक येऊन गेला असेल का?

उत्तर: केवळ या शेऱ्यांवरून तसे म्हणता येत नाही. अटॅक कधीच आला नव्हता, असेही त्यावरून ठरत नाही. मी गेली बरीच वर्षे ईसीजी तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आलेखाचे अंतिम वाचन डॉक्टरांनीच करायचे असते, पण कागदावर ही वाक्ये कशी उमटतात हे मी रोज पाहतो, म्हणून तेवढेच सांगतो.

सुरुवात शेवटच्या शब्दापासून करावी. ‘अनकन्फर्म्ड’ म्हणजे हा आलेख अजून कोणत्याही डॉक्टरांनी वाचून त्यावर सही केलेली नाही. वरचे सगळे शेरे मशीनमधल्या प्रोग्रामने लाटांची मापे ठरावीक नियमांशी ताडून छापले आहेत. ‘एज अनडिटरमाइन्ड’ हे शब्द वाचून अनेकांना वाटते की रुग्णाच्या वयाबद्दल किंवा वयोमानामुळे झालेल्या दोषाबद्दल काही लिहिले आहे. तसे नाही. इजा असलीच तर ती किती जुनी आहे हे आलेखावरून सांगता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

आता ‘सेप्टल इन्फार्क्ट’ या शेऱ्याकडे येऊ. छातीवर चिकटवलेल्या सहा इलेक्ट्रोडपैकी पहिल्या दोघांच्या, म्हणजे व्ही-१ आणि व्ही-२ च्या आलेखात ठोक्याच्या सुरुवातीला एक छोटी वर जाणारी लाट असते. ती सापडली नाही की दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा भाग पूर्वी निकामी झाला असावा, असा अंदाज मशीन बांधते. पण ही लाट जुन्या अटॅकखेरीज इतर कारणांनीही नाहीशी होते, आणि त्यांतले माझ्या पाहण्यातले सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे इलेक्ट्रोड वर लागणे. या दोघांची जागा छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, चौथ्या फासळीखालच्या खोबणीत असते. गळ्याखालच्या खळग्यातून बोट सरळ खाली आणले की हाडावर एक आडवा उंचवटा लागतो; तिथे दुसरी फासळी जुळते, तिच्याखाली दुसरी खोबण, आणि तिथून आणखी दोन खोबणी खाली उतरायचे. गर्दीच्या वेळी बोटाने हे मोजले जात नाही, नजरेच्या अंदाजाने इलेक्ट्रोड लावले जातात आणि ते एक-दोन खोबणी वर बसतात. इतक्या वरून पाहिल्यावर ती छोटी लाट आणखी बारीक होते किंवा उरतच नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका गृहस्थांच्या कागदावर अगदी हाच शेरा छापून आला आणि घरातली सगळी मंडळी हवालदिल झाली. माझ्या वरिष्ठांनी व्ही-२ मधली पी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या मुख्य टोकाआधी येणारी छोटी लाट, पाहिली. ती पूर्ण उलटी होती, आणि तसे दिसले की इलेक्ट्रोड वर लागल्याची शंका घ्यायची, हे त्यांनी मला तिथेच दाखवले. दोन्ही इलेक्ट्रोड दोन खोबणी खाली लावून पुन्हा आलेख काढला, तेव्हा लाट दिसली आणि शेरा छापलाच गेला नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीतही असेच झाले असेल असे मी म्हणत नाही. जागा मोजून पुन्हा काढलेल्या ईसीजीतही तो शेरा राहिला, तर डॉक्टर टू-डी एको करून पडद्याची हालचाल प्रत्यक्ष पाहायला सांगू शकतात. जुना ईसीजी घरात असेल तर तो अवश्य शोधा, कारण तीच आकृती पूर्वीही असेल तर विचार वेगळा होतो आणि ती नव्याने आली असेल तर वेगळा.

आकड्यांपैकी पीआर १४८ आणि क्यूआरएस ८८ मिलिसेकंद सर्वसाधारण मर्यादेत आहेत. पहिला १२० ते २०० मध्ये असावा लागतो आणि दुसरा १२० च्या खाली. प्रश्न फक्त क्यूटीसीचा उरतो. मशीन प्रत्यक्ष मोजते ते क्यूटी, म्हणजे ठोक्याच्या मुख्य टोकाच्या सुरुवातीपासून त्यानंतरची टी लाट संपेपर्यंतचा वेळ. क्यूटीसी हा त्यावरून हिशेबाने काढलेला आकडा आहे, कारण ठोके जलद पडले की क्यूटी मुळातच आखडते आणि वेगवेगळ्या गतींची तुलना करण्यासाठी ते एका मापावर आणावे लागते. तुमच्या कागदावर रेट १०० आहे, म्हणजे दोन ठोक्यांमधले अंतर ०.६ सेकंद. बॅझेटच्या सूत्राप्रमाणे ३६० ला ०.६ च्या वर्गमूळाने भागले की ४६५ येतात, म्हणजे तुमच्या मशीनने हेच सूत्र वापरले आहे. फ्रिडेरिशियाच्या सूत्रात वर्गमूळाऐवजी घनमूळ घेतात, आणि मग तोच आकडा ४२७ होतो. पुरुषांसाठी साधारण ४५० ही सीमा धरतात; म्हणजे एकाच आलेखाला एक सूत्र सीमेपलीकडे ठेवते आणि दुसरे आत. बॅझेटचे सूत्र जलद गतीला क्यूटीसी जास्त दाखवते, हा त्याचा जुना आणि सर्वज्ञात दोष आहे.

शिवाय मूळ ३६० हा आकडाही थोडा सैल असतो. नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रतिसेकंद गतीला कागदावरचा बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो, आणि टी लाट हळूहळू उतरत असल्यामुळे ती नेमकी कुठे संपली हे ठरवताना अर्ध्या चौकोनाचा फरक सहज पडतो. तेवढ्यानेही या गतीला क्यूटीसी २६ मिलिसेकंदांनी बदलतो. म्हणून वडिलांना निवांत बसवून, ठोके शांत झाल्यावर पुन्हा मोजणे योग्य. मात्र ते अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटी थांबवणारे ऑन्डॅनसेट्रॉन किंवा मनोविकारावरचे एखादे औषध घेत असतील, तर डॉक्टरांना ते नाव आवर्जून सांगा. क्यूटीसी ५०० च्या पुढे असता तर मी सूत्रांची ही चर्चा न करता त्याच दिवशी दाखवायला सांगितले असते.

‘सायनस ऱ्हिदम’, म्हणजे हृदयाचा नेहमीचा ताल, हे तुम्हाला घरीही ढोबळपणे पडताळता येईल. खालच्या लांब पट्टीत (ती बहुधा लीड-२ ची असते) प्रत्येक उंच टोकाआधी वर आलेली छोटी पी लाट दिसली पाहिजे, आणि तुमच्या रेटप्रमाणे दोन टोकांमध्ये तीन मोठे चौकोन असले पाहिजेत. तालाच्या शेऱ्यात मशीन चुकते ते मुख्यतः थरथरीमुळे. एसीच्या थंडाव्यात कुडकुडणाऱ्या किंवा हाताला कंप असलेल्या माणसाची बारीक दातेरी रेघ पाहून ते ‘एट्रिअल फिब्रिलेशन’, म्हणजे हृदयाचा एक अनियमित ताल, असे छापते. त्यामुळे रेघ स्वच्छ नसेल तर तालाच्या शेऱ्यावर विसंबू नये.

मशीनचा भीतीदायक शेरा जसा जपून वाचायचा, तसाच ‘नॉर्मल ईसीजी’ हाही जपूनच वाचायचा, आणि मला याचीच अधिक काळजी वाटते. अटॅकच्या पहिल्या काही वेळात आलेख निर्दोष दिसू शकतो; म्हणून छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. वडिलांना पुढे कधी छातीत दाब, दरदरून घाम, धाप किंवा चक्कर जाणवली, तर हातातल्या कागदावर काहीही छापलेले असो, त्यांना लगेच रुग्णालयात न्या. आज तसे काही नसेल, तर हा कागद, जुना ईसीजी आणि चालू औषधांची यादी घेऊन ऑपरेशनच्या तारखेआधी फिजिशियनना भेटा आणि ‘व्ही-१, व्ही-२ ची जागा मोजून ईसीजी पुन्हा काढता येईल का?’ असे मोकळेपणाने विचारा.