हिरा आणि पिशवी: बंधांविषयीचे तुमचे प्रश्न

हिऱ्यात कार्बन-कार्बन बंध, पॉलिथिनच्या पिशवीतही तोच. मग पिशवी सव्वाशे अंशांच्या आसपास का वितळते?

कारण वितळताना तो बंध तुटतच नाही. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनचे अणू सहसंयुज बंधाने, म्हणजे प्राथमिक बंधाने जोडलेले असतात. हा बंध तोडायला मोलमागे सुमारे 350 किलोज्यूल लागतात. पण एका साखळीला शेजारच्या साखळीशी धरून ठेवतं ते व्हॅन डर वाल्सचं दुय्यम आकर्षण, आणि ते साखळीच्या प्रत्येक दुव्यामागे जेमतेम काही किलोज्यूल भरतं. उष्णता आधी हीच कच्ची बाजू गाठते. साखळ्या अखंड राहतात, फक्त एकमेकींवरून सरकू लागतात.

याची खूण हवी असेल तर एकाच घराण्यातले तीन पदार्थ पाहा. हेक्झेनमध्ये सहा कार्बन, तो खोलीत द्रवरूप असतो. मेणबत्तीच्या मेणात वीस-तीस-चाळीस कार्बन, ते साधारण 60 अंशांला वितळतं. पॉलिथिनमध्ये हजारो कार्बन, तरी ते प्रकारानुसार 110 ते 135 अंशांना मऊ पडतंच. साखळी लांबेल तसा द्रवणांक चढतो, पण 140 च्या आसपास अडतो, कारण लांब साखळी एकदम नाही, तुकड्यातुकड्याने हलते. हिऱ्यात अशी कच्ची बाजूच नाही. प्रत्येक अणू चारही बाजूंनी प्राथमिक बंधांनी बांधलेला असतो.

मग अशा मऊ प्लॅस्टिकपासून गोळी अडवणारी जाकिटं कशी बनतात?

साखळ्यांची दिशा बदलून. पिशवीत त्या गुंतलेल्या असतात, म्हणून ओढलं की आधी दुय्यम आकर्षण हार मानतं. ताठरपणा, म्हणजे यंगचा गुणांक, जेमतेम 0.2 ते 1 गिगापास्कल भरतो. अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिन ओढून सगळ्या साखळ्या धाग्याच्या दिशेने लावल्या, की भार थेट कार्बन-कार्बन बंधावर येतो आणि गुणांक 100 गिगापास्कलच्या पुढे जातो. पोलाद 200 च्या घरात आहे, पण हा धागा पाण्यावर तरंगतो!

घरी करून पाहण्यासारखं आहे. पिशवीची पट्टी हळूहळू ताणा. मध्ये एक अरुंद मान तयार होते आणि ती पसरत जाते. ताणलेला भाग ओढायला चिवट लागतो, पण लांबीच्या दिशेने नखाने सहज फाटतो, कारण आडव्या दिशेला अजूनही दुय्यम आकर्षणच आहे. धाग्याची मर्यादाही तीच: तो 150 अंशांच्या आसपास वितळतो, आणि सतत भार ठेवला तर साखळ्या घसरून हळूहळू लांबतो. कायम टांगलेल्या भारासाठी असा दोर घेताना हे विसरू नये.

कुकरची मूठही प्लॅस्टिकचीच, ती का वितळत नाही?

ती बहुधा बेकेलाइटची असते. तिथे साखळ्या एकमेकींना प्राथमिक बंधांनीच जखडलेल्या असतात, त्यामुळे सरकायला वावच नसतो. अति तापवली तर ती मऊ न होता करपते. ओळखायचं असेल तर भंगारातल्या तुकड्याला उघड्या हवेत तापलेलं सोल्डरिंगचं टोक लावा. टोक उचलताना प्लॅस्टिकची तार सुटली तर साखळ्यांमध्ये दुय्यम बंध, नुसता काळा डाग पडला तर प्राथमिक बंधांचं जाळं.

द्रवणांक जास्त तर ताठरपणाही जास्त, हा नियम धरून चालू का?

धातूंत आणि आयनिक पदार्थांत बहुतेक वेळा हो. शिसं 327 अंश आणि 16 गिगापास्कल, ॲल्युमिनियम 660 आणि 70, टंगस्टन 3422 आणि सुमारे 400. मीठ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची रचना एकच, पण मिठाच्या आयनांवर एकेरी विद्युतभार, ऑक्साइडमध्ये दुहेरी आणि आयनही जास्त जवळ. मीठ 801 अंशांना वितळतं, ऑक्साइड 2800 च्या पुढे, आणि ताठरपणाही कित्येक पटींनी वाढतो. पॉलिमरमध्ये मात्र हा नियम लावू नका. वरचा धागा आणि पिशवी जवळपास एकाच तापमानाला वितळतात, पण ताठरपणात शंभरपटीहून जास्त फरक आहे.

हिऱ्यातून उष्णता झरझर जाते, वीज का जात नाही?

दोन्हींचे वाहक वेगळे. विजेला मोकळे इलेक्ट्रॉन लागतात. तांब्याच्या धातुबंधात ते आहेत, हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले. ग्राफाइटमध्ये तीनच गुंततात, चौथा थरात फिरतो, म्हणून थराच्या दिशेने वीज वाहते. थर आपसांत दुय्यम आकर्षणाने धरलेले असल्याने आडव्या दिशेला ती फारच कमी जाते, आणि पेन्सिल कागदावर उमटते तीही त्याचमुळे. हिऱ्यात उष्णता अणूंच्या कंपनांतून जाते. हलके अणू आणि ताठ बंध यांमुळे त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट भरते. घन मिठात इलेक्ट्रॉन आयनांवर अडकलेले आणि आयन जागेवर खिळलेले, म्हणून वीज जात नाही. मीठ वितळलं की आयनच चालू लागतात आणि वीज वाहते.