अविश्वास ठराव आणि महाभियोग यात नेमका फरक काय? दोन्हींत खुर्चीच जाते ना?

अविश्वास ठरावाने लोकसभा सरकारला पाठिंबा नाकारते, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. महाभियोगात मात्र राष्ट्रपतींवर घटनाभंगाचा आरोप ठेवून तो सिद्ध करावा लागतो. राज्यघटनेच्या कलम ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं, म्हणून ५० खासदार उभे राहिले की ठराव चर्चेला येतो आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. गैरहजर खासदार हिशेबातच धरला जात नाही. कलम ६१ चा महाभियोग मुद्दाम अवघड ठेवलाय, आणि ते योग्यच आहे. कोणत्याही एका सभागृहाच्या एकचतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची, १४ दिवस आधीची नोटीस लागते. ते सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, राष्ट्रपतींना बाजू मांडता येते. दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश मतं हवीत. म्हणजे ५४३ च्या लोकसभेत ३६२. इथे घरी बसलेला खासदारही विरोधातच जमा होतो. आजवर एकाही राष्ट्रपतीला असं हटवलेलं नाही.

एक मात्र लक्षात घ्या: १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, तो विरोधकांचा अविश्वास ठराव नव्हता, सरकारनेच मांडलेला विश्वासदर्शक ठराव होता. १९९० मध्ये वि. प्र. सिंह आणि १९९७ मध्ये देवेगौडा यांची सरकारंही तशीच गेली.