एजन्सी करार सहीला आलाय, कमिशन आणि ‘एक्सक्लुझिव्ह’चं नेमकं काय बघायचं?

प्रश्न: मी उद्यमनगरात राहतो, फौंड्रीला लागणारा माल विकतो. राजकोटच्या एका कोटिंग बनवणाऱ्या कंपनीने कोल्हापूर, सांगली जिल्ह्यांसाठी ‘एक्सक्लुझिव्ह सेल्स एजंट’ म्हणून करार पाठवलाय. ३ टक्के कमिशन, २ वर्षं मुदत, दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. कमिशन ‘पेमेंट मिळाल्यावर’ असं लिहिलंय. सही करू का?

उत्तर: आत्ता करू नका. कंपनी फसवी आहे असं अजिबात म्हणत नाही. असे करार माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि बहुतेक वेळा कंपनीने जुनाच मसुदा नाव बदलून पाठवलेला असतो. पण तुम्ही लिहिलेली चारही कलमं एकत्र वाचली तर तुमचे पैसे कुठे अडकतील ते दिसतं. सुटी वाचली तर प्रत्येक कलम रास्तच वाटतं.

तुमचा धंदा मला नवीन नाही. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत कोटिंग लावायचं म्हणजे आधी परचेसवाल्याकडे हेलपाटे, मग सॅम्पल, मग शॉपवर ट्रायल, कास्टिंगचा पृष्ठभाग बघून क्वालिटीवाल्याचा होकार, मग व्हेंडर कोड. एवढं झाल्यावर पहिली ऑर्डर. नंतर मात्र दर महिन्याला तीच ऑर्डर मेलवर थेट कंपनीला जाते. म्हणजे तुमचं कष्टाचं काम सुरुवातीला, आणि कमाई पुढच्या रिपीट ऑर्डरींवर. करार नेमका या कमाईबद्दल काय म्हणतो ते बघा.

समजा जूनमध्ये ट्रायल पास झाली आणि जुलैपासून जीएसटी वगळून महिना ४ लाखांचं बिल सुरू झालं. तुमचे महिन्याला १२,००० रुपये. बिल महिनाअखेरीस निघतं आणि फौंड्री ९० दिवसांनी पैसे देते. जुलैचं बिल ऑक्टोबरअखेर, ऑगस्टचं नोव्हेंबरअखेर, सप्टेंबरचं डिसेंबरअखेर. आता कंपनीने ऑगस्टअखेरीस ३० दिवसांची नोटीस दिली आणि सप्टेंबरअखेर करार संपला. तोवर १२ लाखांचा माल गेलेला आहे, तुमचं ३६,००० रुपये कमिशन होतं, आणि हातात एक पैसा आलेला नाही. करारात ‘मुदतीत जमा झालेल्या पेमेंटवर’ असे शब्द असतील तर कंपनी म्हणेल, करार संपला, विषय संपला. ऑक्टोबरपासूनच्या ऑर्डरींचं तर नावच नको.

इथे भारतीय करार कायदा, १८७२ काय म्हणतो? कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो. ‘वेगळं काही ठरलं नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे, कारण तुमच्या करारात वेगळं ठरलेलं आहे. म्हणून दोन गोष्टी सुट्या करून लिहून घ्या: कमिशनचा हक्क कधी तयार होतो आणि पैसे कधी मिळतात. हक्क ऑर्डर स्वीकारली की तयार होतो, पैसे फौंड्रीचं पेमेंट आल्यावर मिळतात. एवढी फोड केली की पेमेंटची वाट बघायला हरकत नाही. पुढची ओळ जशीच्या तशी घालायला सांगा, मसुदा इंग्रजी असेल तर त्याच अर्थाने: ‘करार कोणत्याही कारणाने संपला तरी संपण्याच्या तारखेपर्यंत स्वीकारलेल्या सर्व ऑर्डरींचे कमिशन, त्यांचे पैसे नंतर जमा झाले तरी, एजंटला देय राहील.’

त्याच्या जोडीला, तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकांच्या करार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरींवर निम्मं कमिशन मागा. वरच्या हिशेबात २४ लाखांवर दीड टक्का, म्हणजे ३६,००० रुपये. युरोपात एजंटला करार संपल्यावर भरपाईचा हक्क कायद्यानेच आहे. आपल्याकडे तसं नाही, कागदावर असेल तेवढंच.

मुदतीचं कलम इथेच येतं. करार ठरावीक मुदतीचा असेल आणि पुरेशा कारणाशिवाय आधीच संपवला तर कलम २०५ नुसार भरपाई मागता येते. पण ३० दिवसांत कुणीही विनाकारण बाहेर पडू शकतो असं त्याच करारात असेल, तर ‘२ वर्षं’ हे शब्द शोभेचे उरतात. पहिलं वर्षभर विनाकारण नोटीस द्यायची नाही आणि त्यानंतर ९० दिवसांची, असं मागा. ९० का? कारण वरच्या हिशेबात गिऱ्हाइकाचं क्रेडिट ९० दिवसांचं धरलंय. करार चालू असतानाच नोटिशीआधीची बिलं वसूल होतात आणि तो हिशेब अंगावर राहत नाही. काही जण म्हणतात, माझं कमिशन गुंतलंय, त्यामुळे मला काढताच येणार नाही. कलम २०२ असं संरक्षण देतं खरं, पण ते एजंटचा त्या मालातच स्वतःचा हितसंबंध असेल तर. नुसतं कमिशन मिळणार असणं त्यात बसत नाही.

आता ‘एक्सक्लुझिव्ह’. करार कायद्यात याची व्याख्याच नाही. कंपनीच्या डोक्यात अर्थ असतो की दुसरा एजंट नेमणार नाही, स्वतः विकू शकतो. तुमच्या डोक्यात असतं की दोन्ही जिल्ह्यांतला सगळा माल माझ्या खात्यावर. हे फुलेवाडीपासून कागलपर्यंतच्या प्रत्येक चौकशीला आडवं येतं: फौंड्रीने थेट राजकोटला फोन केला तर कमिशन कुणाचं? ‘कंपनीने थेट विकला तरी एजंटच्या क्षेत्रातल्या विक्रीवर कमिशन देय’ असं स्पष्ट लिहा. कंपनीची आधीपासूनची गिऱ्हाइकं वगळायची असतील तर त्यांची नावं यादीत घ्या आणि यादीवर दोघांच्या सह्या. उघडी यादी ठेवलीत तर तुम्ही उघडलेलं खातंही उद्या ‘आमचं जुनं’ होतं. बिलाचा पत्ता एका जिल्ह्यात आणि माल दुसरीकडे असं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत हमखास होतं, तेव्हा क्षेत्र मालाच्या पोहोचेवर धरायचं हेही लिहा.

बदल्यात तुम्ही मुदतीत दुसऱ्याचं तसलंच कोटिंग विकायचं नाही, ही त्यांची अट मान्य करायला हरकत नाही. करार संपल्यावर दोन वर्षं विकायचं नाही, असं असेल तर ते कलम २७ पुढे टिकत नाही, तरी खोडून घ्या. उगाच कुणी नोटिसा पाठवत बसायला नको.

तपासायचं कसं, हा प्रश्न लोक विसरतात. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत बिल नंबर, तारीख, रक्कम आणि जमा झालेलं पेमेंट असं स्टेटमेंट द्यायचं कलम घाला. हे नसेल तर कंपनीने कुणाला काय विकलं हे तुम्हाला फौंड्रीच्या स्टोअरवाल्याकडूनच कळेल, आणि तो कायम सांगेलच असं नाही. फौंड्रीने रिजेक्शनची डेबिट नोट काढली तर तेवढं कमिशन कमी होणं रास्त. पण कंपनीने स्वतःहून दिलेल्या सवलतीचा भार तुमच्यावर नको. आणि ‘वसुलीची हमी एजंटची’ असं कुठे बारीक अक्षरात असेल तर ३ टक्क्यांसाठी ते घेऊ नका, एक बुडीत पार्टी वर्षभराचं कमिशन खाईल.

न्यायक्षेत्र राजकोट लिहिलं असणारच. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, दावा कुठे दाखल करायचा हे त्या कलमाने ठरतं. कोल्हापूर मागून बघा.

सगळं एकदम मान्य होणार नाही. भांडायचं असेल तर संपल्यानंतरच्या कमिशनच्या ओळीसाठी भांडा. ती देत नसतील तर बाकीच्या सवलतींवर विशेष भर देऊ नका, कारण त्यांचा फायदा करार चालू असेपर्यंतच. बदल मेलवर लिहूनच मागा आणि ते अंतिम मसुद्यात उतरलेत का हे सहीच्या दिवशी पान उलटून बघा.