स्वॅब पास झाला म्हणून हिरवा ठिपका लागत नाही

प्रश्न : फूड ऑडिटरच्या परीक्षेत हलाल आणि शाकाहारी प्रमाणपत्रावर प्रसंग देऊन प्रश्न विचारतात. एकाच यंत्रावर दोन्ही माल होत असेल तर कोणता पर्याय बरोबर धरावा? तयारी कशातून करावी?

ज्या पर्यायात फक्त सफाईचा उल्लेख आहे आणि मालाच्या वाटेबद्दल एक शब्दही नाही, तो पर्याय बरोबर धरू नये. हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, कारण याच मुद्द्यावर एका प्रशिक्षकांशी माझा वाद झाला होता आणि तो आजही मिटलेला नाही.

मी तेव्हा रबाळे एमआयडीसीतल्या एका मसाला-मिश्रणाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. तिथे घेतलेल्या सराव परीक्षेत असा प्रसंग दिला होता : रिबन ब्लेंडरमध्ये हलाल चिकन पावडरचे सीझनिंग झाले, ब्रश आणि व्हॅक्यूमने कोरडी सफाई केली, उरलेले कण ओढून घेण्यासाठी 50 किलो मीठ फिरवून बाहेर काढले, एटीपी स्वॅबचा आकडा मर्यादेत आला, आणि आता त्याच ब्लेंडरमध्ये टोमॅटो सूपचे शाकाहारी मिश्रण घ्यायचे आहे. ‘स्वॅब पास असल्याने उत्पादन सुरू करावे’ हे उत्तर त्या प्रशिक्षकांनी बरोबर धरले होते. मी हरकत घेतली, तेव्हा ‘स्वच्छ म्हणजे स्वच्छ, त्यात शाकाहारी-मांसाहारी काय?’ असे म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

एटीपी स्वॅब सजीव पेशींत असणारा एटीपी हा रेणू मोजून पृष्ठभागावर सेंद्रिय अवशेष किती राहिले याचा अंदाज देतो. तो अवशेष कोंबडीचा की टोमॅटोचा हे तो सांगू शकत नाही. शिवाय चिकन पावडरसारख्या प्रक्रिया केलेल्या पदार्थात एटीपी मुळातच कमी उरलेले असू शकते, त्यामुळे आकडा खाली येऊनही प्रथिन मागे राहू शकते. कोंबडीचे प्रथिन ओळखणारी चाचणी वेगळी असते, आणि ती शाकाहारी मालाच्या पहिल्या घाण्यावर करावी लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाळीची सुरुवात शाकाहारी मालाने करावी आणि चिकन शेवटी घ्यावे.

परंतु खरा प्रश्न त्या 50 किलो मिठाचा होता, आणि चारही पर्यायांत त्याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे हे मीठ ‘पुनर्वापर’ अशी चिठ्ठी लावून पुन्हा गोदामात, शाकाहारी कच्च्या मालाच्या रॅकवर जात असे. एके दिवशी एका गोणीला पिवळसर झाक आणि चिकनचा वास आल्यावर मी नोंदवही उलटून पाहिली, तेव्हा मीठ दिल्याची पावती होती, नष्ट केल्याची मात्र कुठेच नव्हती. मी हे दाखवल्यावर प्रशिक्षकांनी कायद्याचा आधार घेतला : मांसाहारी पदार्थाची व्याख्या ‘घटक’ या शब्दावर उभी आहे, आणि यंत्राला चिकटलेला कण हा घटक नव्हे. यंत्राला चिकटलेल्या कणापुरता हा युक्तिवाद वादासाठी मान्य करू. पण चिकन मिसळलेले मीठ पाककृतीनुसार तोलून टोमॅटो सूपमध्ये घातले, तर तो घटकच झाला, आणि त्या पाकिटावर हिरवा ठिपका लावता येत नाही. यावर त्यांनी आजवर उत्तर दिलेले नाही.

म्हणून योग्य पर्यायात एवढे असले पाहिजे : त्या मिठावर घाणा क्रमांक आणि मांसाहारी अशी खूण असावी, ते मांसाहारी विभागातच कुलुपात राहावे, आणि त्याच चिकन सीझनिंगच्या पुढच्या घाण्यात, तिथले मीठ तेवढे कमी करून वापरावे, नाहीतर नष्ट करावे. त्या आधीचे चिकन हलाल नसेल, तर हे मीठ हलाल घाण्यातही जाऊ शकत नाही.

यावरून परीक्षेतला दुसरा सापळाही ओळखता येतो. हलाल चिकन हलाल असते, पण शाकाहारी नसते. उलट इथेनॉलमध्ये विरघळवलेला स्वाद वापरलेले टोमॅटो मिश्रण शाकाहारी असूनही हलाल प्रमाणपत्रासाठी तपासणीत अडकू शकते. मसाल्यातले आयएनएस 631, म्हणजे डायसोडियम इनोसिनेट हा चव वाढवणारा पदार्थ, मासे किंवा मांसापासूनही बनते आणि वनस्पतिजन्य कच्च्या मालाच्या किण्वनातूनही. रेणू तोच असल्याने नेहमीची प्रयोगशाळा तपासणी इथे निरुपयोगी ठरते आणि पुरवठादाराचे स्रोताचे प्रमाणपत्रच पाहावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये घटकाचा वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य स्रोत जाहीर करण्यावर भर दिला, तेव्हा याच घटकाचा उल्लेख झाला होता.

तयारीसाठी एफएसएसएआयचे 2020 चे लेबलिंग विनियम आणि हलाल शब्दाच्या वापराविषयीची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेची 1997 ची मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचावीत. कोडेक्स हलाल मालासाठी एकाच इमारतीत वेगळ्या लाइनला आणि इस्लामी नियमांनुसार नीट सफाई केल्यावर आधी बिगर-हलाल माल झालेल्या यंत्राच्या वापरालाही परवानगी देते, हे मी आधी सांगायला हवे होते; तेवढ्यापुरते प्रशिक्षक अगदीच चुकीचे नव्हते. मात्र प्रसंगात डुकराचे मांस असेल तर मलेशियाच्या एमएस 1500 सारख्या मानकात नियम फार कडक आहेत : तिथे सात वेळा धुणे, त्यातले एकदा मातीमिश्रित पाण्याने, अशी शुद्धी करून लाइन हलालसाठी घेता येते, पण ती पुन्हा पुन्हा अदलाबदल करून वापरता येत नाही. प्रश्नात मानकाचे नाव दिलेले असेल, तर उत्तर त्याच मानकाचे लिहावे.